एकूण हिशेब शून्य, एका कप्प्यात नफा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा लिखित पाठ)



आजचा विषय औषधांच्या चाचण्यांचा असला तरी त्याचे मूळ हिशेबात आहे. ज्यांचे आयुष्य जमाखर्चाच्या वह्यांत गेले, त्यांना तो समजण्यास अडचण पडू नये.

एखाद्या नव्या उपचाराची चाचणी शेकडो रुग्णांवर होते. अखेर असे आढळते की, औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात विश्वासार्ह म्हणावा असा फरक नाही. मग त्याच माहितीची निरनिराळ्या कप्प्यांत विभागणी केली जाते. स्त्रिया वेगळ्या, पुरुष वेगळे. साठीच्या आतले वेगळे, साठीपुढचे वेगळे. मधुमेही वेगळे, इतर वेगळे. आणि एखाद्या कप्प्यात औषध उत्तम लागू पडल्याचे दिसते. संशोधकांच्या भाषेत या कप्प्यांना उपगट म्हणतात. एकूण निकाल निष्फळ ठरल्यानंतर पुढे आलेल्या अशा उपगटाच्या यशाकडे नेहमीपेक्षा अधिक साशंक दृष्टीने का पाहावे, एवढाच आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

प्रथम दुकानाचे उदाहरण घेऊ. समजा, एका कापड दुकानाचा वर्षअखेरचा ताळेबंद ना नफा ना तोटा असा आला. मालकाला हा निकाल रुचला नाही. त्याने वारांप्रमाणे हिशेब मांडला, तेव्हा पुढील चित्र दिसले. सोमवारी २० हजारांचा तोटा, मंगळवारी ४० हजारांचा नफा, बुधवारी ५० हजारांचा तोटा, गुरुवारी ९० हजारांचा नफा, शुक्रवारी ३५ हजारांचा आणि शनिवारी २५ हजारांचा तोटा. रविवारी दुकान बंद. मालक आनंदाने म्हणाला, "दुकान चालत नाही असे कोण म्हणते? गुरुवार पाहा!"

या आनंदातील चूक दोन प्रकारची आहे. पहिली अशी की, एकूण बेरीज शून्य असताना तिचे तुकडे केले, तर सगळे तुकडे नेमके शून्य येणे जवळजवळ अशक्य असते. काही वर जातात, काही खाली. त्यांतला सर्वांत वरचा तुकडा निवडला की तो नफ्यातच असणार. हे गुरुवारचे कर्तृत्व नव्हे, निवडीचे आहे. दुसरी चूक अधिक महत्त्वाची. बेरीज शून्यच राहायची असेल, तर गुरुवारच्या ९० हजारांची भरपाई इतर वारांच्या तोट्यातून झालेली असते. जो गुरुवार गुणकारी मानतो, त्याला बुधवार अपायकारक आहे असेही म्हणावे लागते. पण बुधवारचे कारण कोणी शोधत नाही. सोयीचा कप्पा उघडा राहतो, गैरसोयीचा मिटलेला राहतो.

औषधाच्या चाचणीतही हाच न्याय लागू पडतो. एकूण निकाल शून्य आहे आणि एका उपगटात जीव वाचले असे म्हणायचे असेल, तर उरलेल्यांत कोणाचे तरी नुकसान झाले असेही बहुधा म्हणावे लागेल. एकच औषध एका प्रकारच्या रुग्णाला तारते आणि दुसऱ्याला मारते, असे निसर्गात घडत नाही असे नाही. पण ते विरळा घडते. एकूण निकाल अनुकूल असेल, तर उपगटांविषयीचा प्रश्न निराळा असतो. लाभ कोणाला थोडा अधिक आणि कोणाला थोडा कमी, एवढेच तेथे विचारायचे असते. निष्फळ निकालानंतरचा दावा मात्र त्याहून फार मोठा असतो, आणि मोठ्या दाव्याला मोठा पुरावा लागतो.

आता एका खऱ्या चाचणीकडे वळू. अॅम्लोडिपिन हे नाव बहुतेक घरांत परिचयाचे आहे. रक्तदाबाची आणि छातीत कळ येणाऱ्या विकाराची ही गोळी अनेक वडीलधारी मंडळी रोज घेतात. १९९० च्या दशकात अमेरिकेत एक प्रश्न उपस्थित झाला. ज्यांचे हृदय अतिशय दुर्बळ झाले आहे, अशा रुग्णांना ही गोळी देणे सुरक्षित आहे का, आणि त्यांना तिचा काही लाभ होतो का? त्यासाठी डॉ. मिल्टन पॅकर यांच्या नेतृत्वाखाली 'प्रेझ' या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी चाचणी झाली. तिचा अहवाल १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला.

चाचणीत १,१५३ रुग्ण होते. निरोगी हृदय प्रत्येक ठोक्याला आपल्यातील निम्म्याहून अधिक रक्त बाहेर ढकलते. या रुग्णांचे हृदय ३० टक्क्यांहूनही कमी ढकलत होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने ५७१ जणांना अॅम्लोडिपिन आणि ५८२ जणांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी देण्यात आली. सर्वांचे नेहमीचे उपचार चालूच होते. सहा महिने ते ३३ महिने रुग्णांवर लक्ष ठेवण्यात आले.

निकाल कशावरून ठरवायचा, हे आधीच निश्चित केले होते. मृत्यू, किंवा हृदयाच्या गंभीर तक्रारीमुळे रुग्णालयात दाखल होणे, हा मुख्य निकष होता. साध्या गोळीच्या गटात हे ४२ टक्के रुग्णांच्या बाबतीत घडले, तर औषधाच्या गटात ३९ टक्क्यांच्या. औषध पूर्णपणे निरुपयोगी असले, तरी केवळ योगायोगाने एवढा फरक शंभरातून सुमारे ३१ वेळा दिसू शकतो. संख्याशास्त्रात ही शक्यता शंभरात पाचांहून कमी असेल तरच फरकाची दखल घेण्याची रीत आहे. केवळ मृत्यू मोजले, तर प्रमाण ३८ विरुद्ध ३३ टक्के होते. येथे कल औषधाच्या बाजूने होता, पण तोही त्या रेषेच्या अलीकडेच थांबला. तात्पर्य, औषधाने अपाय केला नाही हे समाधान लाभले. लाभ मात्र सिद्ध झाला नाही.

त्यानंतर उपगट पुढे आले. हृदय दुर्बळ होण्याची कारणे स्थूलमानाने दोन. काहींच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अरुंद झालेल्या असतात. इतरांच्या वाहिन्या मोकळ्या असतात, पण हृदयाचा स्नायूच शिथिल होऊन हृदय फुगलेले असते. पहिल्या प्रकारचे ७३२ रुग्ण होते, दुसऱ्या प्रकारचे ४२१. पहिल्या गटात औषधाने काहीही फरक पडला नव्हता. दुसऱ्या गटात मात्र मृत्यूचा धोका ४६ टक्क्यांनी कमी झालेला दिसला, आणि असा फरक केवळ योगायोगाने दिसण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी होती.

क्षणभर त्या काळातील एखाद्या डॉक्टरच्या जागी उभे राहून पाहावे. समोर पंचेचाळीस वर्षांचा, फुगलेल्या हृदयाचा कुटुंबप्रमुख बसला आहे. गोळी स्वस्त आणि परिचित आहे. अहवालात मृत्यूचा धोका जवळजवळ निम्म्याने घटल्याचे लिहिले आहे. गोळी द्यावी की देऊ नये?

हा उपगट साधासुधा नव्हता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. निकाल पाहून मग तो पाडलेला नव्हता. चिठ्ठ्या टाकण्याच्या वेळीच रुग्णांची या दोन कारणांनुसार विभागणी झालेली होती. अशा दाव्यांत नेहमी होणारी आणखी एक चूकही येथे नव्हती. पुष्कळदा एका गटात फरक सिद्ध झाला आणि दुसऱ्यात झाला नाही, एवढ्यावरूनच दोन गटांत औषध वेगळे वागते असे म्हटले जाते. हा तर्क सदोष आहे, कारण दोन्ही गटांतील परिणाम जवळजवळ सारखा असला तरी एक रेषेच्या किंचित पलीकडे आणि दुसरा किंचित अलीकडे पडू शकतो. खरी कसोटी म्हणजे दोन गटांतील परिणामांची परस्परांशी थेट तुलना करणे. प्रेझ चाचणीतील मृत्यूंचा फरक त्या कसोटीवरही टिकला होता. उपगटाच्या बाजूने इतका भक्कम पुरावा क्वचितच हाती येतो.

असे असूनही साशंक राहण्यास तीन कारणे होती, आणि तिन्ही त्याच अहवालात दिसत होती.

पहिले कारण अपेक्षेचे. अॅम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करते. त्यामुळे लाभ झालाच, तर तो अरुंद वाहिन्यांच्या रुग्णांना होईल अशी संशोधकांची धारणा होती. झाले नेमके उलट. कप्पे आधी आखलेले होते हे खरे, पण बाण ज्या कप्प्यावर रोखला होता, त्यात तो लागला नाही. शेजारच्या कप्प्यात लागला. निकालानंतर त्याचे स्पष्टीकरणही मिळाले. शरीरातील दाहाशी संबंधित एका द्रव्याचे प्रमाण या औषधाने घटते, असे त्याच चाचणीतील रुग्णांच्या रक्ततपासणीवरून मांडले गेले. स्पष्टीकरण शास्त्रीय होते, पण ते निकालाच्या मागून आले होते. निकाल उलटा असता तर वाहिन्या सैल होण्याचे स्पष्टीकरण तयारच होते. दोन्ही बाजूंना सारखेच चपखल बसणारे कारण कोणत्याही एका बाजूचा पुरावा ठरत नाही.

दुसरे कारण निकषाचे. ४६ टक्के हा आकडा केवळ मृत्यूंचा होता. आधी ठरवलेल्या मुख्य निकषावर त्याच गटातील घट ३१ टक्के होती, आणि ती रेषेच्या जेमतेम पलीकडे होती. म्हणजे येथे दोन वळणे घेतली गेली. संपूर्णाकडून भागाकडे एक, आणि मुख्य निकषाकडून दुय्यम निकषाकडे दुसरे. प्रत्येक वळणावर अनेक वाटा फुटतात, आणि त्यांतली अनुकूल वाट लक्षात राहते. समजा, औषध निरुपयोगी आहे आणि दहा परस्परस्वतंत्र तुलना केल्या. प्रत्येकीत फसवा फरक दिसण्याची शक्यता शंभरात पाच आहे. तरी दहांपैकी निदान एकीत तो दिसण्याची शक्यता शंभरात चाळीस होते. वाचकाला ती एक तुलना ठळक अक्षरांत दिसते; उरलेल्या नऊ कोठे होत्या हे त्याला कळत नाही.

तिसरे कारण संख्येचे. चाचणीत किती रुग्ण घ्यायचे हे एकूण प्रश्नाच्या हिशेबाने ठरते, एका कप्प्याच्या हिशेबाने नव्हे. या ४२१ रुग्णांत दोन्ही बाजू मिळून सुमारे १२० मृत्यू झाले होते. इतक्या थोड्या घटनांत काही मृत्यू योगायोगाने इकडचे तिकडे झाले, तरी टक्केवारी मोठी हेलकावते. शिवाय लहान गटात माफक फरक रेषेपर्यंत पोहोचूच शकत नाही; जो पोहोचतो तो अवाजवी मोठाच असतो. म्हणून लहान उपगटात आढळलेला भव्य लाभ ऐकून आनंदाआधी सावधपणा यावा.

संशोधकांच्या नावे हे श्रेय नोंदवले पाहिजे की, त्यांनी या उपगटाला सिद्ध सत्य म्हटले नाही. हा लाभ खरा आहे की नाही, यासाठी आणखी अभ्यास हवा, असे त्यांनी अहवालात लिहिले आणि तो अभ्यास स्वतःच हाती घेतला. दुसऱ्या प्रेझ चाचणीत केवळ दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे मोकळ्या वाहिन्यांचे आणि दुर्बळ स्नायूचे रुग्ण घेण्यात आले. त्यांची संख्या १,६५४, पहिल्या चाचणीतील त्या उपगटाच्या जवळजवळ चौपट. हृदयाच्या दुर्बळतेची अट तीच आणि गोळीची मात्राही तीच, दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत. आता तो कप्पा हाच संपूर्ण हिशेब होता.

निकाल असा लागला. साध्या गोळीच्या गटात २६२ मृत्यू झाले आणि अॅम्लोडिपिनच्या गटात २७८. लाभ दिसला नाहीच, उलट आकडा किंचित दुसऱ्या बाजूला झुकला. तो झुकावही योगायोगाच्या मर्यादेतला होता, म्हणून औषधाने अपाय केला असेही म्हणता येत नाही. दोन्ही चाचण्या एकत्र केल्यावरही हृदयदौर्बल्याच्या कोणत्याच प्रकारात या औषधाने आयुष्य वाढते वा घटते असा पुरावा उरला नाही. ४६ टक्क्यांची घट विरून गेली.

आणखी एक तपशील विचार करायला लावणारा आहे. दुसऱ्या चाचणीचा निकाल २००० साली परिषदेत मांडला गेला, पण त्याचा सविस्तर अहवाल शास्त्रीय नियतकालिकात २०१३ साली आला. या तेरा वर्षांत ज्याने केवळ छापील नियतकालिके चाळली, त्याला आशा दाखवणारा अहवाल सविस्तर मिळाला आणि ती आशा फोल ठरवणारा मिळाला नाही. उपगटाच्या सुवार्तेला पाय फुटतात. तिचे खंडन मात्र रेंगाळत येते.

येथे कोणी विचारील की, योगायोग इतका मोठा खेळ करू शकतो का? त्याचे उत्तर १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आयसिस-२' या चाचणीने मार्मिकपणे दिले आहे. हृदयविकाराचा झटका आलेल्या १७,१८७ रुग्णांवर ती झाली. अॅस्पिरिनमुळे पहिल्या पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी घटल्याचे निर्विवाद दिसले. मग संशोधकांनी मुद्दाम रुग्णांची विभागणी जन्मराशींप्रमाणे केली, पाश्चात्त्य पद्धतीच्या, जन्मतारखेवरून ठरणाऱ्या राशींप्रमाणे. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांत अॅस्पिरिनने मृत्यू ९ टक्क्यांनी वाढल्यासारखे दिसले, आणि उरलेल्या दहा राशींत २८ टक्क्यांनी घटले. तूळ राशीच्या माणसाला झटका आल्यावर अॅस्पिरिन देऊ नये, असे कोणताही सुज्ञ डॉक्टर म्हणणार नाही. पण राशीऐवजी तेथे वय, वजन किंवा रक्तातील एखाद्या घटकाचे नाव असते, तर तोच आकडा कित्येकांना पटला असता. सतरा हजार रुग्णांच्या, निःसंशय यशस्वी चाचणीत जर योगायोग असा फरक उभा करू शकतो, तर हजारभर रुग्णांच्या, निष्फळ चाचणीत तो काय करील?

यावरून उपगट पाडूच नयेत असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. माणसे खरोखर भिन्न असतात आणि काही औषधे ठरावीक रुग्णांनाच लागू पडतात. उपगटाचे खरे काम पुढील चाचणीसाठी प्रश्न सुचवणे हे आहे, मागील चाचणीचा निकाल फिरवणे हे नाही. प्रेझच्या संशोधकांनी तो याच अर्थाने वापरला, म्हणून सत्य बाहेर आले.

तेव्हा वर्तमानपत्रात किंवा एखाद्या माहितीपत्रकात अमुक रुग्णांना या औषधाचा विशेष लाभ असे वाचनात आले, तर पुढील क्रमाने विचारावे. आधी ठरवलेल्या मुख्य निकषावर संपूर्ण चाचणीचा निकाल काय होता? तो निष्फळ असेल, तर तेथूनच सावध व्हावे. एकंदर किती कप्पे उघडून पाहिले? हाच कप्पा आणि हीच दिशा आधी लिहून ठेवली होती का? दोन गटांची परस्परांशी थेट तुलना केली का? आणि शेवटचा प्रश्न असा की, त्याच प्रकारच्या नव्या रुग्णांवर पुन्हा चाचणी झाली का? प्रेझचा उपगट आधी आखलेला होता आणि थेट तुलनेतही उतरला होता. तरी शेवटच्या प्रश्नाशी तो कोसळला. मग निकाल पाहून घाईने काढलेल्या कप्प्यांची काय कथा!

एक खुलासा आवश्यक आहे. रक्तदाबासाठी किंवा छातीतील कळेसाठी अॅम्लोडिपिन घेणाऱ्यांनी या विवेचनावरून गोळी बंद करू नये. त्या विकारांतील तिची उपयुक्तता स्वतंत्रपणे सिद्ध झालेली आहे. येथे प्रश्न दुर्बळ हृदयाच्या रुग्णाचे आयुष्य ती वाढवते का, एवढाच होता.

दुकानाच्या त्या मालकाला अखेर काय सांगावे? गुरुवारच्या नफ्यावर त्याचा खरोखर विश्वास असेल, तर त्याने मागील वह्या मिटून ठेवाव्यात, 'पुढील वर्षी गुरुवारी नफा होईल' असे आजच कागदावर लिहावे, आणि वर्षअखेर नव्या वहीत पाहावे. नफा पुन्हा दिसला, तर गुरुवारचा मान त्याला अवश्य द्यावा. नव्या वहीचा आकडा येईपर्यंत मात्र, केवळ जुन्या वहीच्या भरवशावर उरलेल्या पाच दिवशी दुकानाला कुलूप लावू नये.